मंगळवारचा पेपर शनिवारी गेला: हॉलतिकीट तेच, मग सेंटरवर पोहोचायचं किती वाजता?

सुरतकर_भाऊ
नमस्कार मंडळी. मी मूळचा धडगावकडचा, कामाला सुरतेत, उधन्याला. धाकटी बहीण बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिचं सेंटर तळोद्याला आलंय. २ तारखेला, मंगळवारी, नगरपालिकेचं मतदान असल्याने त्या दिवसाचा पेपर पुढे ढकलल्याची परीक्षा विभागाची नोटीस काल ग्रुपवर आली. तिच्यात एक छोटा तक्ता आहे: विषय, पेपर कोड, पूर्वीची तारीख २ (सकाळी १० ते १२), सुधारित तारीख २०, शनिवार (दुपारी २ ते ४). इथपर्यंत सगळं समजलं.

तक्त्याखाली मात्र एकच ओळ आहे, ती जशीच्या तशी देतो: "परीक्षा केंद्र, प्रवेशपत्र व उपस्थितीची वेळ पूर्वीप्रमाणेच राहील." बहिणीच्या हॉलतिकिटावर छापलंय, केंद्रावर सकाळी ९:३० वाजता हजर राहावे. मग शनिवारी ९:३० ला जायचं की १:३० ला? आणि ज्या हॉलतिकिटावर २ तारीख छापलीय ते २० ला चालेल का?

हे विचारतोय कारण साडेनऊ म्हणजे तिला शुक्रवारीच निघून तळोद्यात मावशीकडे मुक्काम करावा लागेल. दीड वाजता असेल तर सकाळच्या एसटीने चांदसैली घाट उतरून ती आरामात पोहोचते. मुक्कामाला मावशीची ना नाही, पण तिच्या घरी सध्या आजारपण आहे. मला इथून सुट्टी टाकायची की नाही, तेही यावरच आहे.

कॉमर्सचा_मन्या
नवीन हॉलतिकीट काढावंच लागतं भाऊ. तारीख बदलली की जुनं बाद. मागच्या वर्षी माझं असंच झालं होतं. लॉगिनमधून नवीन काढलं, प्राचार्यांचा सही-शिक्का घेतला, मग आत सोडलं. जुनं घेऊन आलेल्या दोघांना गेटवरून कॉलेजला परत पाठवलं.

तापीकाठ
भाऊ, टेन्शन लेऊ नको. मना पोऱ्याना बी तोच पेपर से. त्याचे सर म्हणाले दीड वाजता या. लेखी काही नाही, पण सर म्हणाले.

दादा_अमळनेर
आमच्या भाच्याच्या कॉलेजात फळ्यावर स्पष्ट लिहिलंय: "२० तारीख, उपस्थिती स. ९:३०." नोटिशीत "पूर्वीप्रमाणेच" म्हटलंय ना? मग पूर्वीची वेळ साडेनऊच होती. शब्दाला धरून चालायचं. लवकर गेल्याने कुणाचं नुकसान होत नाही, उशिरा गेलं तर वर्ष जातं.

शहादेकरीण
दादा, शहरातल्या मुलाचं नुकसान होत नसेल. धडगावच्या मुलीला साडेनऊ म्हणजे आदल्या दिवशी घर सोडणं, आणि मग पेपरआधी साडेचार तास कुठे बसायचं? सकाळच्या सत्राचे पेपर चालू असताना कॉलेजच्या आवारात थांबू देत नाहीत. थंडीत बाहेर रस्त्यावर बसून अभ्यास होतो का? मी स्वतः असे दिवस काढलेत.

परीक्षा_विभाग_निवृत्त
मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात बावीस वर्षं लिपिक होतो, अशा नोटिसा शेकड्याने हाताळल्यात. सुरतकर भाऊंचे प्रश्न दोन आहेत, एकेक घेतो.

आधी वेळेचं. हॉलतिकिटावर उपस्थितीची वेळ पेपरच्या वेळेवरून ठरते. पेपर १० ला, हजेरी ९:३० ला, म्हणजे नियम अर्धा तास आधीचा. नोटिशीतली "उपस्थितीची वेळ पूर्वीप्रमाणेच" ही ओळ त्या अर्ध्या तासाबद्दल आहे. पेपर २ ला असेल तर हजेरी १:३० ला. माझ्या अनुभवात असा घोळ तेव्हाच होतो जेव्हा जुन्या नोटिशीची ठरलेली शेवटची ओळ नवीन नोटिशीत तशीच उतरते. एरवी फक्त तारीख बदलते, सत्र तेच असतं, त्यामुळे त्या ओळीने कुणाचं अडत नाही. इथे तारखेबरोबर सत्रही सकाळचं दुपारचं झालं, म्हणून ती ओळ उलटी वाचली जातेय. दादांच्या भाच्याच्या कॉलेजातल्या फळ्यावरही बहुधा हेच झालंय. लिहिणाऱ्याने तक्ता सोडला आणि खालची ओळ घेतली.

तरीही माझ्या शब्दावर मुलीला पाठवू नका. तळोद्याच्या सेंटरवर फोन करा, आणि "किती वाजता यायचं" असं विचारू नका. "२० तारखेच्या या पेपर कोडची बैठक व्यवस्था कोणत्या सत्रात लावली आहे" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला फोन उचलणारा शिपाईही उत्तर देऊन टाकतो. दुसऱ्या प्रश्नासाठी कुणीतरी कागद उघडतो.

हॉलतिकिटाचं रात्री लिहितो, नातू गणित घेऊन बसलाय.

केळीवाला_रावेर
कागद उघडायला लावणारा प्रश्न विचारायचा, हे एकदम पटलं. मार्केट कमिटीतही मी असंच करतो.

पल्लवी_शिरपूर
माझं वेगळंच झालंय. २० तारखेला दुपारी २ ते ४ माझा तिसऱ्या सेमिस्टरचा बॅकलॉगचा पेपर आधीपासून टाइमटेबलमध्ये आहे. आता पुढे ढकललेला पाचव्या सेमिस्टरचा पेपरही त्याच वेळेला आला. दोन्ही फॉर्म भरलेत, दोन्हीची फी भरलीय, एकाच हॉलतिकिटावर दोन्ही विषय आहेत. आता मी काय करू?

प्रमोद_धुळे
रिव्हॅल्युएशनच्या फॉर्मची तारीखपण पुढे गेलीय का? लिंक उघडत नाहीये.

शहादेकरीण
प्रमोद, हा धागा निकालानंतरचा नाही, पेपर पुढे गेल्याचा आहे. ते वेगळं विचार, लोक सांगतील.

पल्लवी, आजच्या आज कॉलेजमध्ये लेखी अर्ज दे. तोंडी सांगू नकोस.

परीक्षा_विभाग_निवृत्त
पल्लवीताई, अर्ज प्राचार्यांच्या मार्फत परीक्षा विभागाच्या संचालकांच्या नावे लिहा. सोबत हॉलतिकिटाची प्रत, जुनं टाइमटेबल आणि ही नोटीस जोडा. तिन्हींवर तुमच्या दोन्ही पेपरांच्या कोडखाली रेघ मारा. वाचणाऱ्याला तुमची अडचण शोधायला लागता कामा नये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. ई-मेल केला तरी शिक्क्याची प्रत हवीच.

लवकर करा एवढंच हातात आहे. टाइमटेबल लावताना एका वर्षाच्या दोन्ही सेमिस्टरचे पेपर एकमेकांवर येणार नाहीत हे पाहिलं जातं. तिसरं आणि पाचवं मात्र वेगवेगळ्या वर्षांचे, त्यांची सांगड दर वेळी बसतेच असं नाही. तुमच्यासारखी किती मुलं आहेत, हा आकडा कॉलेजांकडून वर गेला तर सत्र बदलून शुद्धिपत्रक निघू शकतं. मी तसं निघताना पाहिलंय, आणि न निघतानाही पाहिलंय. म्हणून खात्री देत नाही.

पल्लवी_शिरपूर
धन्यवाद काका. उद्याच जाते. आमच्या वर्गात अजून चार जणी आहेत अशा, त्यांनाही नेते.

परीक्षा_विभाग_निवृत्त
मग पाचही जणींनी वेगवेगळे अर्ज द्या. एका अर्जावर पाच सह्या केल्या तर आवक रजिस्टरात एकच नोंद होते.

नाना_चाळीसगाव
आम्ही शिकत होतो तेव्हा आपली खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, १९९० च्या आधीची गोष्ट. पेपर पुढे गेला की पुण्याहून प्राचार्यांना तार यायची. मग शिपाई ती हाताने लिहून फळ्यावर लावायचा, आणि खेड्यावरची मुलं एकमेकांना निरोप पाठवायची. माझा एक मित्र निरोप न मिळाल्याने जुन्या तारखेला सायकल मारत आला आणि रिकामं कॉलेज बघून तसाच परत गेला. तेव्हा निरोप पोहोचत नव्हता. आता तो पोहोचतो, पण त्याचा अर्थ लावावा लागतो.

कॉमर्सचा_मन्या
हॉलतिकिटाचं सांगा ना काका. मी वर लिहिलंय ते चूक आहे का? आमच्या सेंटरवर तर खरंच परत पाठवलं होतं.

परीक्षा_विभाग_निवृत्त
मन्या, तुझं अर्धं बरोबर आहे. तुझ्या वेळी फक्त तारीख बदलली होती की सेंटरही?

कॉमर्सचा_मन्या
सेंटरपण बदललं होतं. आमचं कॉलेज मतमोजणीला घेतलं होतं, म्हणून दुसऱ्या कॉलेजात पेपर झाला.

परीक्षा_विभाग_निवृत्त
तेच कारण. सेंटर बदललं की नवीन सेंटरच्या यादीत तुझा बैठक क्रमांक नव्याने चढतो, म्हणून नवीन हॉलतिकीट निघतं आणि ते लागतंच. नुसती तारीख बदलली तर बैठक क्रमांक, विषय, कोड, केंद्र सगळं तेच राहतं. गेटवर आणि वर्गात फोटो, बैठक क्रमांक आणि कोड पाहतात. तारखेचं उत्तर नोटिशीत असतं. म्हणून नोटिशीची एक प्रिंट हॉलतिकिटाला पिन लावून न्यायची. पर्यवेक्षक दुसऱ्या कॉलेजचा असेल, त्याने नोटीस वाचलेली नसेल, तर वाद न घालता तो कागद पुढे करायचा.

आता एक गोष्ट जी मुलं हमखास चुकतात. पेपर पुढे गेल्यावर लॉगिनमधून हॉलतिकीट पुन्हा काढलं तर कधी त्यावर नवीन तारीख येते, कधी जुनीच राहते. सिस्टीममध्ये टाइमटेबल कधी बदललं यावर ते असतं. नवीन तारखेची प्रिंट मिळाली की मुलं जुनं हॉलतिकीट टाकून देतात. तसं अजिबात करू नका. हॉलतिकिटावर प्रत्येक विषयासमोर पर्यवेक्षकाच्या सहीचा रकाना असतो. आधीच्या चार-पाच पेपरांच्या सह्या त्या जुन्या कागदावर आहेत. त्या पेपरांना आपण हजर होतो याचा तुमच्या हातातला पुरावा तोच. नवीन प्रिंट काढली तर दोन्ही न्या आणि पुढे ढकललेल्या पेपरची सही जुन्यावरच, त्याच विषयाच्या ओळीत घ्या. पर्यवेक्षकांना सहीखाली "दि. २०" असं लिहायला सांगा.

शहादेकरीण
काकांचं हे शंभर टक्के खरं, आणि मला ते महागात पडून कळलंय. माझ्या शेवटच्या वर्षी असाच एक पेपर पुढे गेला होता. निकाल आला तेव्हा त्याच विषयासमोर "गैरहजर". पेपर तर मी दिला होता, आणि चांगला दिला होता. झालं असं होतं की सेंटरवरून मूळ तारखेचा हजेरीचा तक्ता रिकामा गेला आणि नवीन तारखेचा तक्ता वेगळ्या गठ्ठ्यात गेला. नोंद झाली ती रिकाम्या तक्त्याची.

माझं हॉलतिकीट आईने देवघरात हळदीकुंकवाच्या डबीखाली ठेवलं होतं. कोपऱ्याला हळदीचा डाग पडला होता, पण त्या विषयापुढची सही आणि तिच्याखाली बाईंनी लिहिलेली तारीख स्पष्ट दिसत होती. मी उत्तरपत्रिकेचा नंबरही मागच्या बाजूला उतरवून ठेवला होता. अर्जासोबत दोन्ही जोडलं. उत्तरपत्रिका सापडली, निकाल दुरुस्त झाला, पण त्यात दोन महिने गेले आणि बी.एड.चा पहिल्या फेरीतला प्रवेश हुकला. सही नसती तर मी दिलेला पेपर मला सिद्ध करता आला नसता.

तापीकाठ
माय वं! आमच्या पोऱ्याने तर हॉलतिकीट लॅमिनेशन करून आणलंय, घामाने खराब होऊ नये म्हणून.

परीक्षा_विभाग_निवृत्त
लॅमिनेशनवर पेन चालत नाही, सही होणार नाही. त्याला कॉलेजातून दुसरी प्रिंट आणि तिच्यावर सही-शिक्का घ्यायला सांगा. लॅमिनेशन केलेलंही सोबत ठेवू द्या, आधीच्या सह्या त्यात असतील. कागद पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायचा, म्हणजे हवा तेव्हा काढता येतो.

दादा_अमळनेर
हे सगळं मान्य. पण नोटीस खरी आहे हे कसं ओळखायचं? ग्रुपवर गेल्या आठवड्यात पाऊस नसताना "पावसामुळे पेपर रद्द" असं पत्र फिरत होतं. कुणीतरी जुन्या पत्राची तारीख खोडून टाकलं होतं.

परीक्षा_विभाग_निवृत्त
चांगलं विचारलंत. खऱ्या पत्रावर वर जावक क्रमांक आणि तारीख असते, खाली सही परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांची. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानंतर हे पद या नावाने आहे. त्याआधी परीक्षा नियंत्रक म्हणायचे. आताच्या पत्रावर खाली "परीक्षा नियंत्रक" दिसलं तर ते जुनं पत्र उकरून काढलेलं असू शकतं. पण सही-शिक्का फोटोत कुणीही चिकटवतो. म्हणून तेच पत्र विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परीक्षेच्या पानावर आहे का ते पाहा आणि जावक क्रमांक जुळवा. जुळला नाही, किंवा पत्र तिथे नसलंच, तर पेपर जुन्याच तारखेला आहे असं धरून चालायचं.

आणखी एक. पत्रात पेपरचं नाव पाहू नका, कोड पाहा. एकाच नावाचा विषय जुन्या आणि नव्या अभ्यासक्रमात असतो, आणि कधी दोघांपैकी एकाचाच पेपर त्या दिवशी असतो.

नाना_चाळीसगाव
त्या २ तारखेला बाकीच्या वर्गांचे पेपर होते का? की सगळेच पुढे गेले?

सुरतकर_भाऊ
नाना, त्या दिवशीचे सगळेच पुढे गेलेत, बाकी तारखांचे पेपर ठरल्याप्रमाणे आहेत. तिचे आणखी दोन पेपर ५ आणि ९ तारखेला होते तसेच आहेत.

आणि काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. सकाळी सेंटरवर फोन लावला. आधी एकाने "साडेनऊला या" म्हणून ठेवून दिला. पुन्हा लावला आणि पेपर कोड सांगून बैठक व्यवस्थेचं सत्र विचारलं. तेव्हा एक मॅडम म्हणाल्या, थांबा, बघते. दोन मिनिटांनी म्हणाल्या, या कोडचा हजेरी तक्ता आलाय, त्यावर वर छापलंय २० तारीख, दुपारी २ ते ४. दीड वाजता गेट उघडेल, पण पहिल्या दिवशीचा ब्लॉक गृहीत धरू नका, त्या दिवशी मुलं कमी आहेत म्हणून ब्लॉक नव्याने लावलेत, गेटजवळचा फलक पाहा. हे मी विचारलंही नव्हतं. त्यांचे आभार मानले.

शहादेकरीण
हा ब्लॉकचा मुद्दा फार महत्त्वाचा. मुली सवयीने जुन्या वर्गात जाऊन बसतात आणि पेपर वाटताना कळतं.

दादा_अमळनेर
मग आमच्या भाच्याच्या फळ्यावरचं चूकच म्हणायचं. त्याला तुमचा प्रश्न विचारायला लावतो. पण सुरतकर भाऊ, दीडला गेट उघडणार म्हणून दीडला पोहोचू देऊ नका. घाटात एखादा ट्रक अडकला की गेलं.

कॉमर्सचा_मन्या
उशीर झाला तरी अर्धा तास सवलत असते की.

परीक्षा_विभाग_निवृत्त
मन्या, त्या सवलतीवर विसंबू नकोस. आता प्रश्नपत्रिका बऱ्याच ठिकाणी सेंटरवर ऑनलाइन येते, तिथेच छापतात आणि वाटतात. पेपर बाहेर फुटू नये म्हणून उशिरा येणाऱ्यांबाबत सेंटरं पूर्वीपेक्षा कडक झालीत. किती मिनिटं चालतं ते हॉलतिकिटाच्या मागच्या सूचनांत असतं, तेच धरायचं. तिथे छापलं नसेल तर सवलत नाही असंच समजायचं.

केळीवाला_रावेर
भाऊ, पेपर चारला सुटणार. मग परतीचं काय? थंडीत लवकर अंधार पडतो.

सुरतकर_भाऊ
तीच काळजी आहे. चारनंतर धडगावची गाडी असते, पण शनिवारी भरून येते आणि कधी रद्द होते. म्हणून ठरवलंय: ती सकाळच्या एसटीने एकटी येईल, साडेअकरापर्यंत तळोद्यात. मावशीकडे नुसती जेवायला. मी शनिवारी सकाळी सुरत-भुसावळ पॅसेंजरने नंदुरबारला उतरतो, तिथून तळोदा. पेपर सुटेपर्यंत गेटवर असेन आणि गाडी मिळाली नाही तर जीप करून तिला घरी पोहोचवेन. शेठने एकाच दिवसाची रजा दिलीय, तेवढी पुरेल.

पल्लवी_शिरपूर
काका, पाचही अर्ज दिले, शिक्के घेतले. कॉलेजचे क्लार्क म्हणाले आमच्यासारख्या अजून तीन कॉलेजांचे अर्ज वर गेलेत. निर्णय काय होतो ते कळलं की इथेच लिहीन. तोवर दोन्ही विषयांचा अभ्यास चालू ठेवलाय.

परीक्षा_विभाग_निवृत्त
बरोबर केलंत. १५ तारखेपर्यंत काही आलं नाही तर पुन्हा एकदा कॉलेजात जा आणि अर्जाचा आवक क्रमांक सांगून विचारा. शुद्धिपत्रक आलंच तर त्याचा जावक क्रमांक इथे टाका, अजून कुणाच्या कामी येईल.

प्रमोद_धुळे
माझी लिंक उघडली. धन्यवाद.

सुरतकर_भाऊ
बहिणीला आत्ताच फोन केला. नोटिशीची प्रिंट काढून हॉलतिकिटाला पिन लावलीय म्हणाली. मागच्या बाजूला उत्तरपत्रिकेचा नंबर लिहायला रेघही आखून ठेवलीय.